अण्णांनी डॉक्टरकडे जायला उशीर का केला? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही ठाण्यातल्या एका गृहस्थाची गोष्ट आहे. त्यांना आपण अण्णा म्हणू. अण्णा आणि त्यांच्या घरातली माणसं मी रचली आहेत, पण त्यांना झालं ते युरॉलॉजीच्या कुठल्याही वॉर्डात पाहायला मिळतं. गोष्ट ऐकल्यावर लोक जे प्रश्न विचारतात त्यांच्याच आधाराने ती इथे सांगितली आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे घाईने सांगून भागत नाही.

अण्णांना नेमकं काय होत होतं?

अण्णा ५६ वर्षांचे. वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनीअरिंग कारखान्यात सुपरवायझर. वर्तकनगरला वन बीएचके. घरात बायको, मुलगा आणि वर्षभरापूर्वी आलेली सून.

सुरुवात अगदी साधी झाली. लघवीला उभं राहिलं की धार लगेच सुरू होईना. सुरू झाली तरी बारीक, मध्येच थांबणारी, आणि शेवटी थेंब थेंब. बाहेर येऊन हात धुतले की पुन्हा जावंसं वाटायचं. कारखान्यात मागे कोणी रांगेत उभं राहिलं की धार येतच नसे. म्हणून ते जेवणाच्या सुट्टीत जाणं टाळायचे आणि मशीन चालू असताना, कोणी नसेल तेव्हा जायचे. ठाण्याहून दादरला जायचं तर लोकलमध्ये सोय नाही, त्यामुळे सकाळपासून पाणी बंद. हे सगळं ‘वयामुळे’ या खात्यावर टाकून त्यांनी जवळजवळ दोन वर्षं काढली.

मग एका पहाटे जाग आली ती अंथरूण ओलं लागलं म्हणून.

लाज नेमकी कशाची वाटली? लघवीची तक्रार तर कोणालाही होते.

बारीक धारेची लाज अण्णांना फारशी नव्हती. ती त्यांनी कोणाला सांगितली नाही, कारण सांगण्यासारखी वाटली नाही. अंथरुणाचं मात्र वेगळं होतं. लहान मुलाने अंथरूण ओलं केलं तर घर हसतं आणि विसरून जातं. छप्पन वर्षांच्या माणसाने, ज्याच्या हाताखाली पंधरा माणसं आहेत आणि ज्याच्या घरात नुकती सून आली आहे, त्याने हे कोणाला आणि कुठल्या तोंडाने सांगायचं?

घराची रचनाही त्यांच्या विरोधात होती. मुलगा-सून बेडरूममध्ये, अण्णा आणि काकू हॉलमध्ये गादी घालून. संडास-बाथरूमला जायचा रस्ता हॉलमधूनच. वॉशिंग मशीन सून संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर लावायची. म्हणजे ओली चादर मशीनमध्ये टाकली तर ती सुनेच्या हाती लागणार. हा विचार अण्णांना सहन झाला नाही. ते पहाटे चारला उठून चादर बादलीत भिजवायचे, नळ बारीक सोडून धुवायचे आणि गॅलरीतल्या दोरीवर आतल्या बाजूला टाकायचे. कोणी विचारलंच तर ‘घाम फार येतो’ हे उत्तर तयार होतं.

बाळांच्या खाली घालतात ते रबरी कापड त्यांनी आणलं, तेही मुलुंडला जाऊन. वर्तकनगरच्या मेडिकलवाल्याने ‘नातवाची तयारी का?’ म्हणून विचारलं असतं. तो प्रश्न कोणी प्रेमानेच विचारला असता, आणि म्हणूनच अण्णांना तो नको होता.

गणपतीला गावी जायचं त्यांनी त्या वर्षी रद्द केलं. कारण दिलं रजेचं. खरं कारण रात्रभराची बस.

काकूंना कळलं नाही?

कळलं होतं, पहिल्या पंधरा दिवसांतच. एका गादीवर झोपणाऱ्या बाईला हे कळणार नाही असं मानणं हा अण्णांचा भाबडेपणा. काकू पहाटे जाग्या असायच्या, डोळे मिटून पडून राहायच्या. नवऱ्याला कमीपणा वाटू नये म्हणून त्या बोलल्या नाहीत. बायकोला त्रास नको म्हणून अण्णा बोलले नाहीत.

या गोष्टीत मला सर्वांत जास्त बोचतं ते हेच. दोघांचंही गप्प राहणं मायेतून आलं होतं, आणि त्या सात-आठ महिन्यांत अण्णांच्या किडन्यांचं नुकसान होत होतं.

रात्री नकळत होते म्हणजे मूत्राशय कमजोर झालं, ताबा सुटला. असंच ना?

बहुतेकांना असंच वाटतं, अण्णांनाही वाटलं. त्यांच्या बाबतीत मात्र घडत होतं ते याच्या उलट.

पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते आणि लघवीचा मार्ग तिच्या मधून जातो. तरुणपणी ती साधारण वीस-पंचवीस ग्रॅमची असते. पन्नाशीनंतर अनेकांची ती वाढते आणि मार्ग आतून दाबला जातो. मूत्राशयाला बाहेर ढकलायला जास्त जोर लावावा लागतो, तरी ते पूर्ण रिकामं होत नाही. दर वेळी थोडी लघवी आत राहते. महिन्यामागून महिने हे साचणं वाढत जातं. निरोगी माणसाला साधारण चारशे-पाचशे मिलिलिटर भरल्यावर जोराची लागते. अण्णांच्या मूत्राशयात लघवी करून आल्यानंतरही लिटरभर शिल्लक असायची.

गच्चीवरची टाकी काठोकाठ भरली की ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी गळतं, तसं हे गळणं होतं. दिवसा जागेपणी मार्ग आवळून धरणारे स्नायू ताठ असतात, त्यामुळे भागून जातं. गाढ झोपेत ते सैलावतात, आतला दाब वरचढ ठरतो आणि थोडी लघवी निसटते. म्हणून पन्नाशी उलटलेल्या पुरुषाचं अंथरूण नव्याने ओलं होऊ लागलं तर डॉक्टरांच्या मनात पहिली शंका येते ती तुंबलेल्या मूत्राशयाची. मधुमेह, काही औषधं, झोपेत श्वास अडकण्याचा आजार, मज्जारज्जूचे विकार ही कारणंही असू शकतात. घरबसल्या यातलं काहीच ठरवता येत नाही.

मग संध्याकाळनंतर पाणी बंद केलं तर?

अण्णांनी तेच केलं. सहानंतर घोटभरसुद्धा नाही. काही रात्री कोरड्या गेल्या, त्यामुळे उपाय सापडला असं वाटलं आणि आणखी तीन महिने गेले. आत साचलेली लघवी पाणी कमी प्यायल्याने निघून जात नाही, फक्त भर थोडी सावकाश पडते.

एवढं तुंबलं होतं तर दुखायला नको का?

अचानक तुंबलं तर असह्य दुखतं, माणूस गडबडा लोळतो. सावकाश तुंबलं तर मूत्राशय हळूहळू ताणलं जातं, त्या ताणाची सवय होते आणि भरल्याची जाणीवच बोथट होते. अण्णांना दुखलं असतं तर ते दुसऱ्याच दिवशी गेले असते. दुखलं नाही, म्हणूनच उशीर झाला.

दुसरी खूण डोळ्यांसमोर होती आणि तिचा अर्थ लागला नाही. चेहरा उतरला, दंड बारीक झाले, पण पँटचा पट्टा बेंबीखाली घट्ट होत गेला. कारखान्यातले म्हणायचे, अण्णा, पोट सुटलंय. अण्णा म्हणायचे, भात कमी करायला हवा.

या काळात ते डॉक्टरांकडे गेलेच नाहीत?

गेले होते, आणि एकदा नव्हे. फॅमिली डॉक्टरांकडे ‘बीपी बघा’ म्हणून गेले. बीपी थोडं वाढलेलं निघालं, गोळी घेऊन घरी आले. पुढच्या वेळी ठरवून गेले होते की आज सांगायचंच. केबिनमध्ये कंपाउंडर उभा होता, बाहेर ओळखीचे शेजारी. खोकल्याचं औषध मागून परत आले.

पावसाळ्यात सर्दी झाली तेव्हा त्यांनी दुकानातून गोळी घेतली. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये नाक मोकळं करणारं औषध आणि ॲलर्जीचं औषध एकत्र असतं. पहिलं मूत्राशयाचं तोंड आवळतं, दुसरं मूत्राशयाचा जोर कमी करतं. त्या दिवशी दुपारपासून रात्रीपर्यंत त्यांना लघवीच झाली नाही. मग थोडी झाली. घाबरले, पण ‘झाली ना’ म्हणून तो विषयही तिथेच मिटला. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या माणसाने सर्दीची गोळी घेताना दुकानदाराला तसं सांगावं. पुढे लघवी काढायला मूत्रमार्गातून नळी घालावी लागलेल्या अनेकांच्या कहाणीत ही गोळी असते.

मग शेवटी गेले कसे?

भूक गेली. सकाळी ब्रश करताना उमासे येऊ लागले, अंगाला खाज सुटायची, संध्याकाळी पावलं सुजायची. अण्णांना वाटलं ॲसिडिटी. काकूंना मात्र भीती वाटली. त्या एका सकाळी म्हणाल्या, “अहो, आज कामावर जायचं नाही. मी नंबर लावून आलेय.” चादरीचा विषय त्यांनी तेव्हाही काढला नाही. उलटीचं दाखवायला जायचंय एवढंच.

उलटीसाठी जाणं अण्णांना जमलं. उलटीत लाज नसते.

डॉक्टरांनी त्यांना झोपवून पोटावर हात ठेवला. बेंबीपर्यंत आलेला, गोल, ताठ गोळा हाताला लागला. बोटांनी ठोकून पाहिलं तर आवाज भरीव. त्यांनी विचारलं, “लघवी कशी होते?”

“व्यवस्थित.”

डॉक्टरांनी काकूंना पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं, कंपाउंडरला चहा आणायला पाठवलं आणि दार लोटलं. मग ताप येतो का विचारावं त्याच आवाजात म्हणाले, “रात्री अंथरुणात होते का? पोट इतकं भरलेलं असलं की होते. तुम्ही मुद्दाम करत नाही आणि तुमचा ताबाही सुटलेला नाही.”

अण्णांनी मान हलवली. बराच वेळ त्यांना बोलता आलं नाही. मग बोलायला लागले ते थांबेनात. चादर, मुलुंड, गणपती, सगळं.

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. डॉक्टरांनी ‘काही त्रास आहे का’ असं मोघम विचारलं असतं तर अण्णा पुन्हा ‘नाही’ म्हणाले असते. नेमकं विचारल्यामुळे सांगण्याचा अर्धा भार डॉक्टरांनी स्वतःवर घेतला.

कोणत्या तपासण्या झाल्या आणि त्यात काय निघालं?

त्याच दिवशी रक्त आणि सोनोग्राफी. सोनोग्राफीला लघवी करून आल्यावर किती शिल्लक राहते तेही मोजतात. अण्णांची शिल्लक १,१५० मिलिलिटर निघाली. प्रोस्टेट ६२ ग्रॅम. दोन्ही किडन्या फुगलेल्या, कारण मूत्राशयातला दाब वर किडनीपर्यंत पोचला होता.

रक्तात क्रिएटिनिन ५.१ आलं. पुरुषात ते साधारण ०.७ ते १.३ असतं, आणि किडनी कचरा गाळायला कमी पडली की वाढतं. पोटॅशियम ५.८ होतं, म्हणजे जास्त. पोटॅशियम वाढत गेलं तर हृदयाची लय बिघडते, म्हणून डॉक्टरांनी घरी जायची परवानगी दिली नाही. उमासे, खाज, सूज, वाढलेलं बीपी या सगळ्याचा उगम एकच होता.

गुदद्वारातून बोट घालून तपासतात म्हणे. त्याच भीतीने अनेक जण जात नाहीत.

हो, आणि त्या भीतीला हसू नये. म्हणून काय होतं ते सरळ सांगतो. डाव्या कुशीवर झोपायला सांगतात, गुडघे पोटाशी. अंगावर चादर असते. डॉक्टर ग्लोव्ह घालून, जेली लावून एक बोट आत घालतात आणि पुढच्या बाजूला असलेली प्रोस्टेट चाचपतात. किती मोठी आहे, मऊ आहे की कडक, एखादी गाठ लागते का, हे त्यातून कळतं. मिनिटसुद्धा लागत नाही. दाब जाणवतो, संडासला लागल्यासारखं वाटतं. खूप दुखलं तर तसं सांगावं, कारण तेही निदानाला उपयोगी पडतं.

पुरुष डॉक्टर हवेत असं आधीच म्हणता येतं. सोबत कोण थांबेल, कोण नको, हेही सांगता येतं. आणि पहिल्याच भेटीत ही तपासणी होतेच असं नाही.

नळी घालताना फार दुखतं का?

आधी बधिर करणारी जेली मूत्रमार्गात सोडतात आणि काही मिनिटं थांबतात. मग पातळ, लवचिक नळी आत सरकवतात. प्रोस्टेटपाशी ती जाताना चुरचुरतं, तेव्हा तोंडाने मोठा श्वास घ्यायला सांगतात. आत गेल्यावर टोकाशी असलेला छोटा फुगा पाण्याने फुगवतात, म्हणजे नळी निसटत नाही.

अण्णांच्या पिशवीत तेराशे मिलिलिटर जमा झाले. पोटावरचा गोळा त्यांच्या डोळ्यांदेखत बसला. ताणलेलं मूत्राशय एकदम रिकामं झाल्यावर लघवीत थोडं रक्त दिसू शकतं, त्यांनाही दिसलं आणि दुसऱ्या दिवशी थांबलं.

त्या रात्री आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी झोपण्याआधी तांब्याभर पाणी प्यायलं.

नळी लागली, मोकळं झालं. मग ॲडमिट कशाला ठेवलं?

हा भाग लोकांना माहीत नसतो आणि तो धोक्याचा आहे. अडथळा निघाल्यावर किडन्या साचलेलं पाणी आणि क्षार भराभर बाहेर टाकू लागतात. अण्णांना पहिल्या चोवीस तासांत साडेसहा लिटर लघवी झाली. लागोपाठ दोन तास ताशी दोनशे मिलिलिटरच्या वर गेली, किंवा दिवसाला तीन लिटरच्या वर गेली, की डॉक्टर सावध होतात. बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत आपोआप ताळ्यावर येतं. काहींचं येत नाही. मग अंगातलं पाणी, सोडियम, पोटॅशियम कमी पडून बीपी घसरतं आणि माणूस उभा राहताच कोसळतो.

म्हणून नर्स दर तासाला पिशवी मोजत होती, झोपून आणि उभं करून बीपी घेत होती, रोज वजन आणि रक्त तपासत होती. जेवढी लघवी गेली त्यातला काही भागच सलाइनने परत दिला. सगळी भरपाई केली तर किडन्या तेवढंच पुन्हा बाहेर टाकत राहतात. अण्णा वॉर्डात पाच दिवस होते.

कोणी घरी येऊन नळी घालून देतो म्हणाला तर सोय वाटेल. पण ज्याचं पोट महिनोन्‌महिने भरलेलं आहे आणि रक्ताचा रिपोर्ट बिघडलेला आहे, त्याची नळी हॉस्पिटलातच घातली पाहिजे.

किडन्या पूर्ववत झाल्या का?

पूर्ण नाही. आठवड्याने क्रिएटिनिन २.४ वर आलं, सहा आठवड्यांनी १.७, आणि पुढे १.६ च्या आसपास थांबलं. डायलिसिस लागलं नाही. पण जो भाग दाबाखाली कायमचा गेला तो परतला नाही. किती परत येईल हे दाब किती दिवस राहिला यावर बरंच अवलंबून असतं, आणि अण्णांच्या बाबतीत ते दिवस पहाटे चादरी धुण्यात गेले होते.

गोळ्यांनी भागलं असतं का?

दोन वर्षांपूर्वी, नुसती बारीक धार होती तेव्हा, बहुधा भागलं असतं. टॅमसुलोसिनसारखी गोळी मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करते आणि काही दिवसांत फरक दिसतो. तिने उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री जेवणानंतर देतात. फिनास्टेराइडने ग्रंथी आकसते, पण पूर्ण परिणामाला सहाएक महिने लागतात.

तुंबून किडनीला इजा झाल्यावर मात्र नुसत्या गोळ्यांवर सोडत नाहीत. नळी काढून ‘होते का बघू’ असंही करत नाहीत, कारण पुन्हा तेच न दुखता सुरू होतं. अण्णांची नळी ऑपरेशनपर्यंत राहिली.

नळी घेऊन कामावर जाता येतं?

अण्णा तिसऱ्या आठवड्यात गेले. दिवसा मांडीला पट्ट्याने बांधायची छोटी पिशवी मिळते, सैल पँटखाली दिसत नाही. रात्री मोठी पिशवी, ती कायम कमरेखाली टांगायची. नळी लिंगाशी जिथे आत जाते तिथे रोज साबण-पाण्याने धुवायचं. थंडी वाजून ताप आला, नळी चोंदली किंवा पोट पुन्हा भरल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

ऑपरेशन कोणतं झालं? त्यानंतर नवरा-बायकोचे संबंध राहतात का?

मूत्रमार्गातून दुर्बीण घालून, आतून ग्रंथीचा अडवणारा भाग खरवडून काढतात. बाहेर चीर नाही. कमरेत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. लेसरनेही करतात. अण्णांची नळी तिसऱ्या दिवशी निघाली. नंतर महिना-दीड महिना जड उचलायचं नाही आणि संडासला कुंथायचं नाही, कारण आतली जखम भरत असते. मध्येच लाल लघवी दिसू शकते.

दुसरा प्रश्न लोक फोन ठेवता ठेवता, आवाज खाली आणून विचारतात. बहुतेकांची ताठरता पूर्वी होती तशीच राहते. बदलतं ते हे की वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं आणि पुढच्या लघवीतून निघून जातं. या ऑपरेशननंतर हे बहुसंख्य पुरुषांत होतं. सुखाची भावना राहते, इजा काही नाही. मूल हवं असणाऱ्याने मात्र हे आधी बोलायला हवं. ऑपरेशनपूर्वी डॉक्टरांनी अण्णा आणि काकू दोघांना समोर बसवून हे सांगितलं. काकू म्हणाल्या, “आधी सांगितलंत ते बरं केलंत. नाहीतर हे पुन्हा गप्प बसले असते.”

हा कॅन्सर होता का?

नाही. वयाने होणारी ही वाढ कॅन्सर नसते आणि तिचा कॅन्सर होतही नाही. पण दोन्ही एकाच माणसात असू शकतात, म्हणून पीएसए ही रक्तचाचणी आणि बोटाने तपासणी करतात. लघवी तुंबलेली असताना, जंतुसंसर्गात किंवा नुकती नळी घातली असताना पीएसए खोटंच वाढलेलं दिसतं. अण्णांचं त्या दिवशी कोणी पाहिलं नाही, काही आठवड्यांनी पाहिलं. काढलेला तुकडाही तपासायला पाठवला होता, साधा निघाला.

अण्णा आता कसे आहेत?

धार मोकळी आहे, अंथरूण कोरडं असतं. दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन बघतात, बीपीची गोळी चालू आहे. गुडघा दुखला तरी मनाने पेनकिलर घेत नाहीत, किडन्यांच्या उरलेल्या भागाला तो भार नको म्हणून. मुलाला त्यांनी सगळं सांगितलं. मुलगा रागावला, ‘मला का नाही सांगितलं’ म्हणून, आणि दोन दिवस नीट बोलला नाही. सुनेला बऱ्याच गोष्टी आधीच ठाऊक होत्या. दोरीवर रोज तीच चादर दिसते हे तिने पाहिलं होतं, पण सासऱ्यांना विचारायचं कसं, हे तिला कळत नव्हतं.

आमच्या घरात कोणी असंच लपवत असेल तर विषय कसा काढावा?

चारचौघांत नाही, जेवताना नाही, आणि ओल्या चादरीपासून तर नाहीच. दोघंच असताना शरीराच्या बाजूने बोलावं: ‘तुमची लघवी पूर्ण होत नसावी असं वाटतं. तसं असेल तर किडनीला त्रास होतो. सोनोग्राफी करून घेऊ.’ नकार आला तर बीपी, साखर, भूक यातल्या कुठल्याही निमित्ताने डॉक्टरांपर्यंत न्यावं आणि डॉक्टरांना चिठ्ठीवर किंवा फोनवर खरं कारण आधीच कळवावं. हे कळवणं म्हणजे चुगली नाही.

एक दिवस-रात्र मापाच्या मगमध्ये लघवी मोजून वेळ आणि प्रमाण लिहून ठेवता आलं तर फार उपयोग होतो. दर अर्ध्या-पाऊण तासाला पन्नास-साठ मिलिलिटर, असा कागद समोर आला की डॉक्टरांना निम्मी गोष्ट न विचारता कळते.

काउंटरवर सगळ्यांसमोर काय सांगायचं?

“लघवीची तक्रार आहे, बाकी डॉक्टरांना सांगतो.” एवढं पुरतं, केसपेपरवर तेवढंच लिहितात. आत तोंडातून शब्द फुटणार नाही असं वाटत असेल तर घरून कागदावर चार ओळी लिहून न्याव्यात आणि तो कागद पुढे सरकवावा: धार बारीक, रात्री किती वेळा उठतो, अंथरूण ओलं होतं, कधीपासून, कोणती औषधं चालू. पहिल्यांदा फॅमिली डॉक्टरांकडे गेलं तरी चालतं. पुढे युरॉलॉजिस्ट लागतो. परळचं केईएम आणि सायन हॉस्पिटल या महापालिकेच्या रुग्णालयांत त्यांचा विभाग आहे, ठाण्याहून दोन्हीकडे लोकलने जाता येतं.

अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच वेळी कधी निघायचं?

लघवी पूर्ण बंद झाली आणि ओटीपोट दुखतंय, तर रात्र असली तरी निघायचं. नळी घालायला युरॉलॉजिस्टच हवा असं नाही, कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत ती घालतात. थंडी वाजून ताप आणि लघवीला त्रास, लघवीतून रक्ताच्या गाठी, किंवा अंथरूण ओलं होण्यासोबत उलट्या, सूज आणि गुंगी असेल तरीही तेच. पाय एकाएकी लुळे पडले किंवा बसण्याची जागा बधिर झाली आणि लघवी अडली, तर कारण मणक्यात असू शकतं. तिथे तासांचाही फरक पडतो, त्यामुळे पोचताच हे पहिल्या वाक्यात सांगावं.